छायाचित्रातली नोकरीची जाहिरात अरबीत आणताना

दुबईत इंग्रजीत छापलेली नोकरीची जाहिरात अरबीत आणायची असली की ती भाषांतरकाराच्या हाती बहुधा टाइप केलेल्या मजकुराच्या रूपात येत नाही. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा किंवा ऑफिसच्या फलकावर लावलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून येतो. त्यामुळे कामाचे दोन टप्पे पडतात. आधी फोटोत नेमके काय छापले आहे ते ठरवायचे आणि मग ते अरबीत मांडायचे. पहिला टप्पा उरकून टाकण्याची घाई बहुतेकांना असते, आणि नंतर निस्तरत बसावे लागणारे घोळ तिथेच होतात.

उदाहरण म्हणून देखभालीची कामे घेणाऱ्या एका काल्पनिक कंपनीची जाहिरात घेता येईल. जागा एसी टेक्निशियनची. मजकूर थोडक्यात असा: ‘मिनिमम ५ इयर्स एक्स्पीरियन्स, २ इन जीसीसी. यूएई ड्रायव्हिंग लायसन्स प्रिफर्ड. सॅलरी ३५०० दिरहम ऑल इन्क्लुझिव्ह. नोटीस पिरियड: इमिजिएट टू ३० डेज. कंपनी अकोमोडेशन, ट्रान्सपोर्ट अँड अदर बेनिफिट्स ॲज पर यूएई लेबर लॉ.’ अशा ओळी आखाती जाहिरातींत सर्रास दिसतात. मुंबईच्या वर्तमानपत्रांतल्या परदेशी नोकऱ्यांच्या जाहिराती वाचणाऱ्यांनाही त्या ओळखीच्या वाटतील.

फोटोवरून मजकूर उचलणारी सॉफ्टवेअरे अक्षरांपेक्षा चिन्हांवर जास्त अडखळतात. ‘३-५ वर्षे’ यातली बारीक आडवी रेघ घडीच्या रेषेत मिसळली की ‘३५ वर्षे’ होतात. ‘३+’मधला अधिकचा शेंडा उजेडाच्या चकाकीत गेला की किमान तीनऐवजी नेमकी तीन वर्षे उरतात. पस्तीस वर्षांचा अनुभव मागितलेला दिसला तर कोणीही थबकेल. शेंडा गळालेले ‘३’ मात्र कोणाला खटकत नाही, म्हणून हीच चूक जास्त घातक. यावर उपाय एकच आहे. फोटो मोठा करून प्रत्येक आकडा आणि त्याला चिकटलेले चिन्ह डोळ्यांनी पडताळायचे आणि ते मूळ भाषेतच हाताने उतरवून काढायचे. काठावर कापला गेलेला किंवा अंगठ्याखाली झाकलेला शब्द अंदाजाने भरायचा नाही. त्या जागी मजकूर वाचता येत नसल्याची खूण करायची आणि दुसरा फोटो मागवायचा.

अनुभवाच्या अटीत अरबी व्याकरण लगेच आडवे येते. अरबीत दोन वर्षांसाठी ‘दोन’ आणि ‘वर्षे’ असे दोन शब्द लिहीत नाहीत. ‘सना’ म्हणजे वर्ष, आणि त्याचे द्विवचन ‘सनतान’ हा एकच शब्द पुरतो. संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला द्विवचन नवे नाही. खरी गंमत पुढे आहे. तीन ते दहापर्यंत नाम अनेकवचनी येते, ‘खम्स सनवात’ म्हणजे पाच वर्षे. पण अकरापासून नव्याण्णवपर्यंत ते पुन्हा एकवचनी होते, म्हणून तीस दिवस म्हणजे ‘सलासून यौमन’, शब्दशः पाहिले तर ‘तीस दिवस’मधला दिवस एकच. संख्या आकड्यात लिहिली तरी पुढच्या नामाला हा नियम सुटत नाही. तयार साच्यात आकडे बदलून केलेली भाषांतरे इथेच पकडली जातात, कारण त्यांत तीसपुढेही दिवसाचे अनेकवचन ‘अय्याम’ तसेच राहिलेले असते. अरब उमेदवार अशी जाहिरात समजून घेतो, पण कंपनीविषयी त्याचे मत तिथेच बनते.

आकड्यांमधली रेघ अरबी मजकुरात तशीच ठेवणेही जोखमीचे असते. अरबी उजवीकडून डावीकडे वाचली जाते, पण संख्येतले अंक डावीकडून उजवीकडे. दोन आकडे आणि मधली रेघ असा तुकडा कोणत्या क्रमाने दिसेल हे आजूबाजूच्या अक्षरांवर आणि पानाच्या दिशेवर ठरते. एका ठिकाणी ‘३-५’ दिसणारा मजकूर दुसरीकडे चिकटवला की ‘५-३’ दिसू शकतो. म्हणून जाणकार भाषांतरकार रेघ टाकतच नाहीत. ते ‘मिन’ आणि ‘इला’, म्हणजे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’, हे शब्द लिहितात. अधिकच्या चिन्हाऐवजी ‘फ-अक्सर’, म्हणजे ‘आणि त्याहून जास्त’, असे लिहितात. शब्दांना उलटण्याची भीती नसते.

आता अट स्वतः. ‘मिनिमम ५ इयर्स’साठी ‘ला तकिल्लु अन खम्स सनवात’, म्हणजे पाच वर्षांहून कमी नसलेला अनुभव, ही अरबी जाहिरातींची नेहमीची रचना आहे. ‘पाचाहून जास्त’ असे लिहिले तर बरोबर पाच वर्षे भरलेला माणूस विनाकारण बाद होतो. ‘२ इन जीसीसी’ हे त्याहून नाजूक प्रकरण. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांमधली ही दोन वर्षे त्या पाचांतली आहेत की पाचांव्यतिरिक्त? इंग्रजीतला स्वल्पविराम त्याचे उत्तर देत नाही. अरबीत ‘मिन्हा सनतान’, म्हणजे ‘त्यांपैकी दोन वर्षे’, असे लिहिले की अर्थ एका बाजूने पक्का होतो. आधीच्या आकड्यात ‘किमान’ असल्याने इथे हाच अर्थ जास्त संभवतो, पण जाहिरात देणाऱ्याला एका वाक्यात विचारून घेणे हेच बरे. मूळ जाहिरातीत ‘५+२’ असते तर अर्थ सात वर्षांचा झाला असता, आणि फोटोत ते अधिकचे चिन्ह पुसले गेले नाही ना, ही शंकाही त्याच प्रश्नात मिटते.

लायसन्सपुढचा ‘प्रिफर्ड’ हा शब्द अट नाही, पसंती आहे. अरबीत पसंतीसाठी ‘युफद्दल’ आणि अटीसाठी ‘युश्तरत’ असे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांची अदलाबदल झाली तर लायसन्स नसलेला चांगला कारागीर अर्जच करणार नाही.

नोटीस पिरियडची ओळ सर्वांत फसवी असते. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१च्या तेहतीस क्रमांकाच्या कामगार कायद्यानुसार करार संपवताना किमान ३० आणि कमाल ९० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. त्या सूचनेला कायद्यात ‘इन्ज़ार’ म्हटले आहे. जाहिरातीतली ओळ मात्र या नव्या कराराविषयी बोलतच नाही. उमेदवार सध्याच्या नोकरीतून किती दिवसांत मोकळा होऊन रुजू होऊ शकेल, एवढेच ती विचारते. ती शब्दशः उतरवली तर ‘इन्ज़ारची मुदत: ताबडतोब ते ३० दिवस’ असे काहीतरी तयार होते. त्यातून कंपनी ताबडतोब काढून टाकू शकते असा अर्थ निघतो. शिवाय ‘इन्ज़ार’ हाच शब्द कामावरच्या लेखी ताकिदीलाही वापरतात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडल्याशिवाय राहत नाही. प्रसिद्ध करायच्या अरबी जाहिरातीत ही ओळ ‘ताबडतोब किंवा ३० दिवसांच्या आत रुजू होऊ शकणाऱ्यांना प्राधान्य’ अशी फिरवून लिहावी लागते.

एखाद्या जाहिरातीत खरोखरच नव्या कराराची नोटीस दिलेली असेल, तर देश पाहून शब्द निवडावा लागतो. अमिरातीत ‘इन्ज़ार’, सौदी अरेबियाच्या कायद्यात ‘इश्आर’, इजिप्त आणि कुवेतमध्ये ‘इख्तार’. मुदतीही वेगळ्या आहेत. सौदीत २०२५मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर बेमुदत करारावर मासिक पगार घेणाऱ्या कामगाराने ३० दिवसांची आणि मालकाने ६० दिवसांची सूचना द्यायची असते. कुवेतमध्ये मासिक पगारावरच्या कामगारासाठी ती तीन महिने आहे. मात्र जाहिरातीतली मुदत कायद्याशी जुळत नसली तरी ती परस्पर दुरुस्त करणे भाषांतरकाराचे काम नव्हे. विसंगती दाखवून द्यायची आणि छापलेला आकडा तसाच ठेवायचा. ‘एक महिना’चे ‘३० दिवस’ करायचे नाहीत आणि ‘दिवस’चे ‘कामाचे दिवस’ही करायचे नाहीत.

पगाराच्या ओळीत पैशाचा हिशेबच बदलू शकतो. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणजे भत्ते धरून ठोक पगार, अरबीत ‘रातिब शामिल’. सवयीने तिथे ‘रातिब असासी’, म्हणजे मूळ पगार, असे पडले तर काय होते ते पाहा. अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी ती दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. समजा ३५०० दिरहमपैकी मूळ पगार १८०० आहे. दिवसाचे ६० दिरहम, २१ दिवसांचे १२६०, आणि पाच वर्षांचे ६३००. पण ३५०० हाच मूळ पगार धरला तर पाच वर्षांचे १२,२५० होतात. एका विशेषणाने जवळजवळ सहा हजार दिरहमांची अपेक्षा वाढवली. जाहिरात म्हणजे करार नव्हे हे खरे, पण घरदार सोडून जायचे की नाही हे माणूस जाहिरात वाचूनच ठरवू लागतो.

सवलतींचे गोलमाल शब्द गोलमालच ठेवणे हे इथले खरे कसब आहे. ‘ॲट्रॅक्टिव्ह सॅलरी’ला अरबी जाहिरातींत ‘रातिब मुज्ज़िन’ असा रुळलेला शब्द आहे, आणि तोही मूळ शब्दाइतकाच काही न सांगणारा आहे, म्हणून तो चपखल. ‘कंपनी अकोमोडेशन’ला ‘युवफ्फर अस-सकन’, म्हणजे राहण्याची सोय केली जाईल, एवढेच लिहायचे. त्यापुढे ‘मज्जानी’, म्हणजे मोफत, हा शब्द जोडला की मुळात नसलेले वचन दिले जाते. ‘बदल सकन’ लिहिले तर तो घरभाडेभत्ता होतो, म्हणजे खोलीऐवजी रोख रक्कम.

‘ॲज पर यूएई लेबर लॉ’ हे शेपूट कशाला लागते, हाही प्रश्न असतोच. कायद्याप्रमाणे फक्त इतर सवलती, की राहण्याची सोय आणि वाहनही? अरबीत एकाच लांब वाक्यात हे सगळे ओवले तर शेपूट सगळ्यांना लागू झाल्यासारखे वाटते. दोन ओळी केल्या तर ते फक्त शेवटच्या सवलतींपुरते राहते. जाहिरात देणाऱ्याने खुलासा केला नाही तर मूळचा क्रम आणि मूळचे एकच वाक्य ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरते. कायद्याचे नावही देशाप्रमाणे लिहावे लागते. अमिरातीत ‘कानून’ चालतो, सौदीत कामगार कायद्याचे अधिकृत नाव ‘निज़ाम अल-अमल’ आहे.

हे सगळे जाहिरात पुन्हा छापायची असते तेव्हाचे. तोच फोटो एखाद्या तक्रारीत पुरावा म्हणून जोडायचा असेल तर नियम उलटतात. अमिरातीच्या न्यायालयांत न्याय मंत्रालयाच्या परवानाधारक भाषांतरकाराचे शिक्क्यासह भाषांतर लागते आणि त्यात मजकूर सोयीसाठी फिरवून लिहिण्याला जागा नसते. नोटीसची ओळ तिथे जशी आहे तशीच उतरते, तिचा संभवणारा अर्थ हवाच असल्यास वेगळ्या टिपेत जातो. स्वल्पविरामाची संदिग्धता तशीच राहते, न वाचता येणाऱ्या जागा चौकटी कंसात नोंदवल्या जातात, आणि फोटोची प्रत भाषांतराला जोडली जाते.