उभी क्लिप आडव्या टीव्हीवर

आपण सगळ्याजणी मोबाईल उभाच धरतो आणि तसंच शूटिंग करतो. ते मोबाईलवर छान दिसतं. पण टीव्ही आडवा असतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या एका बचत गटाने नाचणीच्या पापडांची चाळीस सेकंदांची क्लिप केली होती. वर ताईंचा हसरा चेहरा, मध्ये पोळपाट-लाटणं, खाली पाकिटावर ऑर्डरसाठीचा फोन नंबर. कल्याणच्या प्रदर्शनात स्टॉलवर ३२ इंची टीव्ही होता. क्लिप लावली, तर मधे एक अरुंद पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळं. कुणीतरी म्हणालं, "मोठी करून पडदा भरून टाका." भरला. ताईंचा चेहरा गेला, नंबरही गेला, राहिलं ते पदर आणि अर्धं लाटणं. तासभर ती तशीच चालली, आणि नंबर विचारायला जो तो स्टॉलवरच्या बाईला गाठत होता.

असं का होतं, ते समजून घेऊ. टीव्हीची रुंदी १६ भाग धरली तर उंची ९ भाग. आपली उभी क्लिप बरोबर उलटी, रुंदी ९ आणि उंची १६. ती अख्खी दिसायला हवी तर उंची ९ वर आणावी लागते, मग रुंदी जेमतेम ५ उरते. बाकीचे ११ भाग रिकामे. उलट पडदा भरायला रुंदी १६ केली, तर उंची २८ च्या वर जाते. पडद्यात मावतात ९. म्हणजे क्लिपचा मधला एक तृतीयांश तेवढा दिसतो, डोकं आणि पाय बाहेर.

यावरचा उपाय म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम करायच्या. मागे तीच क्लिप मोठी करून, धूसर करून पसरायची आणि पुढे अख्खी उभी क्लिप ठेवायची. बातम्यांत प्रवाशांनी मोबाईलवर काढलेली पुराची दृश्यं दाखवताना कडेला अशीच धूसर हलती रंगछटा असते, ती तुम्ही पाहिली असेल.

आम्ही हे InShot ॲपमध्ये केलं. क्लिप घेतली, Canvas मध्ये 16:9 निवडलं, मग Background मध्ये Blur. मागची प्रत ॲप स्वतःच बनवतं. काही ॲपमध्ये मात्र तीच क्लिप हाताने दोनदा ठेवावी लागते, एक खाली आणि एक वर. तिथे दोन चुका हमखास होतात. एक, खालच्या प्रतीचा आवाज बंद करायचा राहतो. आमच्या पहिल्या प्रयत्नात दोन्ही प्रती थोड्या मागेपुढे बसल्या होत्या, आणि ताईंचं प्रत्येक वाक्य विहिरीत बोलल्यासारखं दोनदा ऐकू आलं. दुसरी, पुढची क्लिप कापून छोटी केली की मागचीही तितकीच कापायची. नाहीतर पुढे पापड वाळत असतात आणि मागे लाटणं चालूच.

धूसरपणा किती हवा? मागे मधलाच भाग मोठा होऊन येतो, हे लक्षात ठेवा. आमच्या क्लिपमध्ये तिथे लाल पदर होता. कमी धूसर ठेवला तेव्हा दोन्ही बाजूंना लाल काहीतरी हलायचं आणि नजर तिकडेच जायची. धूसर वाढवला, उजेड थोडा कमी केला, तेव्हा पापड दिसू लागला. टीव्हीपासून दहा पावलं लांब उभं राहून बघा. कडेला काय आहे हे ओळखू येत असेल, तर अजून धूसर करा.

एक अडचण क्लिप घेतानाच टळते. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या काही क्लिपांना आधीच काळ्या पट्ट्या चिकटलेल्या असतात. ॲपला त्याही क्लिपचाच भाग वाटतात, म्हणून त्या पुढच्या चित्रातही राहतात. काढणाऱ्या ताईंकडून मूळ क्लिप मागवा, आणि ती फोटोसारखी न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे दर्जा उतरत नाही.

मात्र एवढं करूनही चित्र मोठं होत नाही. ३२ इंची टीव्ही साधारण ७१ सेंटिमीटर रुंद, त्यात आपली क्लिप २२ सेंटिमीटर. वीतभरच. पाकिटावरचा नंबर तिसऱ्या रांगेतून वाचता येणार नाही. म्हणून आम्ही तो धूसर कडेवर मोठ्या पांढऱ्या आकड्यांत लिहिला. डावीकडे गटाचं नाव, उजवीकडे नंबर. तेवढी जागा तिथे आयती मिळते. पुढच्या दिवशी लोक टीव्हीसमोर थांबून नंबर मोबाईलमध्ये टिपून घेत होते.

आमचं मत विचाराल तर उभी बाई बोलत असेल तिथे ही युक्ती चालते. पण अंगणभर पापड वाळत घातलेत, दहाजणी रांगेने बसल्यात, तर त्या वीतभर पट्टीत काय दिसणार? तिथे काढतानाच मोबाईल आडवा धरा.