धडधड आणि ‘टेन्शन’चे निदान

एसव्हीटी या विकारात हृदयाची गती बसल्याजागी अचानक १५० च्या पुढे जाते आणि तशीच एकाएकी थांबते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ईसीजी सामान्य येतो, त्यामुळे ‘टेन्शन आहे’ असे निदान सहज होते. अशा वेळी रुग्णाने प्रत्येक झटक्याची वेळ, नाडीचे ठोके आणि तेव्हा चाललेले काम लिहून ठेवावे. डॉक्टरांशी वाद घालण्यापेक्षा नोंद दाखवून विचारावे: “डॉक्टर, चिंता असेलही, पण झटका चालू असतानाचा ईसीजी मिळावा म्हणून होल्टर लावता येईल का? थायरॉईड, हिमोग्लोबिनही तपासायचे का?” होल्टर बहुधा २४ तासांचा असतो, झटके महिन्यातून एकदाच येत असतील, तर जास्त दिवसांची नोंद मागावी. नकार मिळाल्यास कारण केसपेपरवर लिहून घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. धडधडीसोबत छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.