शेवटच्या रात्रीचं एक पान

बीडमधल्या दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर विज्ञान भाग १ चे दहा धडे असतात आणि पेपर ४० गुणांचा. पेपरच्या आदल्या रात्री वाचायच्या एका पानासाठी ‘भिंगे’ हा धडा घेऊ. पुस्तक मिटून जे सांगता येतं, ते गाळा; व्याख्या बहुधा इथेच जातात. जे अजिबात समजलेलं नाही, तेही सोडा. समजलंय पण गोंधळ होतो, तेवढंच लिहा: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर धन, अंतर्वक्राचं ऋण, शक्ती काढताना अंतर मीटरमध्ये. २० सेंमी म्हणजे ०.२ मीटर, म्हणून शक्ती ५ डायॉप्टर. सेंटिमीटर तसेच ठेवले, तर ०.०५ येतं. सोडवलेली उदाहरणं उतरवू नका. सूत्र आणि एकक पुरेसं आहे.