नकाशा बदलायचा आहे, प्लेट थांबवा

शाळेच्या वार्षिकांकाचं काम स्नेहसंमेलनाच्या धावपळीतच येतं, आणि चूक बहुधा मजकूर प्रेसला गेल्यानंतर सापडते. शुद्धलेखनाची असेल तर प्रूफावर लाल शाईने खूण करून भागतं. चूक चित्रात असेल तर खूण करून काहीच साधत नाही. चित्रच बदलावं लागतं, म्हणजे नवी फाइल द्यावी लागते आणि मुद्रकाला ती स्वीकारायला सांगावं लागतं. हे सांगायला पत्र लिहितात. ते नीट लिहायचं तर छापखान्यात त्या चित्राचं पुढे काय होतं, याची थोडी कल्पना असायला हवी.

उदाहरणासाठी असं धरू, की शाळा पालघर जिल्ह्यात आहे आणि अंकाचा विषय ‘आपला जिल्हा’ आहे. अठराव्या पानावर महाराष्ट्राचा रंगीत नकाशा टाकला आहे. संगणक शिकवणाऱ्या सरांनी तो जुन्या संग्रहातून घेतला. प्रूफ हातात आल्यावर भूगोलाच्या बाईंच्या लक्षात येतं, की नकाशात ठाणे जिल्हा थेट गुजरातच्या सीमेला भिडला आहे. पालघर कुठेच नाही. हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला आणि राज्याचा छत्तिसावा जिल्हा ठरला. नकाशा त्याआधीचा होता. एवढ्या जुन्या नकाशात औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर ही नावंही तशीच राहिलेली असणार. आपल्याच जिल्ह्यावरच्या अंकातून आपला जिल्हा गायब झालेला पाहून पालक काय म्हणतील, ते बाईंना वेगळं सांगावं लागत नाही.

नकाशा नव्याने काढायला एक संध्याकाळ पुरते. खरा प्रश्न पुढचा असतो: काम प्रेसमध्ये कोणत्या टप्प्यावर आहे?

ऑफसेट छपाईत आधी सगळी पानं संगणकावर जुळवतात. ती एकमेकांना लागून मोठ्या कागदावर येतील अशी मांडतात आणि त्या मांडणीवरून धातूच्या प्लेटा तयार करतात. सोळा पानांचा फर्मा असेल तर कागदाच्या एका बाजूला आठ पानं येतात. रंगीत बाजूला चार प्लेटा लागतात: निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. प्लेट झाल्यावर तिच्यावरचं एखादं चित्र पुसून तिथे दुसरं बसवता येत नाही. म्हणजे अठराव्या पानावरच्या एका नकाशासाठी त्याच्या शेजारच्या सात पानांसकट चारही प्लेटा नव्याने काढाव्या लागतात. पानं अजून संगणकावर असतील तर हेच काम ऑपरेटर दहा मिनिटांत करून टाकतो. पत्र सकाळी गेलं की संध्याकाळी, यावरही खर्च ठरू शकतो तो यामुळे. म्हणून आधी फोन करून प्लेट थांबवायला सांगावं आणि लगेच पत्र पाठवावं. फोनवरचं बोलणं मशिनच्या आवाजात विरून जातं. पत्र मात्र त्या कामाच्या पाकिटात जातं आणि पाळी बदलली तरी ते पुढच्या माणसाच्या हाती पडतं.

आता फाइलकडे वळू. नवा नकाशा 4000 पिक्सेल रुंद आणि 3600 पिक्सेल उंच आहे असं समजा. पानावर तो 16 सेंटिमीटर रुंदीत, म्हणजे सुमारे 6.3 इंचांत छापायचा आहे. भागाकार केला तर एका इंचाला साधारण 635 पिक्सेल मिळतात. फोटोसाठी इंचाला 300 पुरेसे मानतात. नकाशातली नावं बारीक असतात, त्यामुळे तिथे याच्या दुप्पट असलेले बरे. ही फाइल नेहमीप्रमाणे व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली, तर ॲप तिचा आकार कमी करतं. लांब बाजू सहसा 1600 पिक्सेलच्या आसपास येते. तेवढ्याच जागेत आता इंचाला 254 पिक्सेल उरले. समुद्राच्या निळ्या रंगात हे कोणाला कळणार नाही, नावांत मात्र लगेच कळेल. सात पॉइंटच्या अक्षराला मूळ फाइलमध्ये वरपासून खालपर्यंत साठेक पिक्सेल मिळत होते, ते आता पंचवीसवर आले. रोमन लिपीतल्या साध्या अक्षराचं त्यात कसंबसं भागलं असतं. ‘धाराशिव’मधली वेलांटी किंवा ‘छत्रपती’मधला ‘त्र’ तेवढ्या जागेत डागासारखा दिसतो.

हीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती आहे तशी पोहोचते. ईमेल आणि पेनड्राइव्हनेही तसंच होतं. पोहोचलेली फाइल जशीच्या तशी आहे की नाही हे तपासणं अवघड नाही. आपल्याकडे ती काही एमबीची असेल आणि प्रेसकडे दोन-तीनशे केबीची दिसत असेल, तर ती वाटेत आक्रसली आहे. मोठी अडचण ही, की आक्रसलेली फाइल पडद्यावर अगदी छान दिसते. ऑपरेटरला तिच्यात खोट दिसत नाही आणि पाठवणाऱ्यालाही दिसत नाही. खोट कागदावरच दिसते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

पडद्यावर न दिसणारी आणखी एक खोट नावांच्या काळ्या रंगात असते. साध्या जेपीजीमधला काळा छपाईसाठी रूपांतरित केला की तो चारही शाईंत वाटला जातो. चार प्लेटांचे ठसे एकमेकांवर तंतोतंत बसले तर ठीक. केसाएवढे जरी सरकले तरी बारीक अक्षरांच्या कडेला गुलाबी-निळी झालर दिसू लागते. म्हणून नावं फक्त काळ्या शाईत यावीत, असं सांगणं शहाणपणाचं. त्यासाठी नावं चित्रात मिसळलेली नसलेली पीडीएफ सोबत द्यावी. इथे मराठीची एक खास गोची आहे. बऱ्याच लहान प्रेसमध्ये अजून जुनी सॉफ्टवेअर आणि युनिकोडच्या आधीचे फाँट चालतात. तिथे आपली युनिकोड फाइल उघडली तर ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात आणि ‘रत्नागिरी’ ओळखू येईनाशी होते. पीडीएफमध्ये अक्षरांची रेखाकृती करून टाकली, ज्याला ऑपरेटर ‘कर्व्ह करणं’ म्हणतात, की हा धोका उरत नाही. मग ती नावं टंकलेली राहत नाहीत, आकार बनतात. म्हणून शुद्धलेखन आधी तपासून घ्यायला हवं.

फाइलच्या नावाचीही गोष्ट आहे. पान जुळवणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा चित्राची प्रत पानात ठेवत नाही. ते चित्र कोणत्या फोल्डरमध्ये कोणत्या नावाने आहे, एवढीच नोंद ठेवतं. त्यामुळे नव्या फाइलला जुनंच नाव द्यावं, असा मोह होतो: जुनी झाकली जाईल आणि काम आपोआप होईल. माझा याला विरोध आहे. प्रेसच्या संगणकावर एकाच नावाच्या दोन फाइल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पडून राहतात, आणि शेवटच्या घाईत कोणती उचलली जाईल याचा नेम नसतो. नाव वेगळं असेल तर निदान विचारता तरी येतं. `final`, `final2`, `final_new` असल्या नावांनी मात्र काहीच कळत नाही. पान क्रमांक आणि तारीख नावात असली की पुरे. नव्या चित्राचं लांबी-रुंदीचं प्रमाण जुन्यासारखंच ठेवलं, तर ते त्याच चौकटीत बसतं. नाहीतर ऑपरेटर ते ताणून बसवतो किंवा कडा कापतो, आणि कापलेल्या कडेत नेमका तळकोकण असतो.

एवढं लक्षात घेऊन लिहिलेलं पत्र साधारण असं होईल:

दि. 12 जानेवारी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मुद्रणालय

विषय: वार्षिकांक, पान 18 वरील नकाशाची सुधारित फाइल स्वीकारण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

आज सकाळी दूरध्वनीवर ठरल्याप्रमाणे हे पत्र देत आहे. आमच्या वार्षिकांकाच्या पान 18 वरील महाराष्ट्राच्या नकाशात पालघर जिल्हा दाखवलेला नाही आणि तीन जिल्ह्यांची नावे जुनी आहेत. ही चूक आमच्या मूळ फाइलमधील आहे, आपल्या जुळणीतील नाही.

जुनी फाइल: `naksha.jpg`
नवी फाइल: `p18_naksha_12jan.jpg` व त्याच नावाची पीडीएफ

नवी फाइल पेनड्राइव्हमध्ये दिली आहे. तिचे प्रमाण जुन्या चित्राइतकेच असून छापील रुंदी 16 सें.मी. ठेवावी. शक्य असल्यास पीडीएफ वापरावी, तीत नावे फक्त काळ्या रंगात आहेत. जुनी फाइल आमच्या कामाच्या फोल्डरमधून काढून टाकावी, ही विनंती.

पान 18 च्या प्लेटा अद्याप काढल्या नसतील, तर बदल करून फक्त त्या पानाचे प्रूफ द्यावे. आम्ही ते त्याच दिवशी सही करून परत करू. प्लेटा झाल्या असतील, तर पुढे काही करण्यापूर्वी वाढीव खर्च लेखी कळवावा. मुख्याध्यापकांच्या संमतीनंतर आम्ही निर्णय कळवू.

कळावे,
आपली विश्वासू,
संपादक शिक्षिका, वार्षिकांक

या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य ‘ही चूक आमच्या मूळ फाइलमधील आहे’ हे आहे. चूक कोणाची हे संदिग्ध ठेवलं की ऑपरेटर आधी आपली बाजू मांडायला बसतो, आणि त्यात अर्धा दिवस जातो. ते स्पष्ट झालं की उरलेली चर्चा खर्चाची, म्हणजे सोपी. दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे फक्त एका पानाचं प्रूफ मागणं. सगळा अंक पुन्हा मागवला की स्टाफरूममधल्या प्रत्येकाला आपल्या लेखात एखादा शब्द बदलावासा वाटतो.

प्रूफ आल्यावर सगळा नकाशा निरखत बसायची गरज नसते. नव्या फाइलमध्येच असलेल्या दोन खुणा शोधायच्या: पालघरचा वेगळा रंग आणि ‘अहिल्यानगर’ हे नाव. त्या दिसल्या तर फाइल योग्य आहे. मग मूळ आकारातल्या छापील प्रतीवर सर्वांत लहान नाव हाताच्या अंतरावरून वाचून पाहायचं. लेझर प्रिंटरवरच्या प्रूफात रंग भरवशाचे नसतात, त्यामुळे समुद्र थोडा जांभळट दिसला म्हणून घाबरू नये. अक्षरांच्या तुटक्या कडा मात्र तिथेही कळतात.

फर्मा छापूनच झाला असेल, तर पत्रातली मागणी बदलते. कागद, चार प्लेटा आणि मशिनचा वेळ पुन्हा मोजून घ्यायला बहुतेक शाळांच्या तरतुदीत जागा नसते. अशा वेळी सुधारित नकाशाचा एक सुटा रंगीत कागद डिजिटल मशिनवर छापून मागावा. पान 18 समोर त्याची एक कड चिकटवायचं काम बाइंडिंग करताना होतं. प्रती पाचशे असतील, तर नवा फर्मा छापण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं, आणि त्यासाठीही फाइल तीच चालते.