कार्डावरच्या बाई

गेल्या वर्षी ४ सप्टेंबरच्या रात्री डिचोलीहून माझ्या मामेबहिणीचा एक फोटो आला. खाली एवढंच लिहिलेलं: "बाईंक मराठीतून दोन ओळी बरय, फाल्यां दिवपाच्यो." तिचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे घरात मराठी लिहायची वेळ आली की काम माझ्याकडे येतं. उलट फोन केला तर तो लागेना. रेंज गेली असावी. फोटो होता एका मुलाच्या हाताने केलेल्या कार्डाचा. कोणाच्या घरचं मूल, कोणती शाळा, कितवी इयत्ता, बाईंचं नाव, काहीच कळायला मार्ग नव्हता.

मी पहिला मजकूर पाच मिनिटांत लिहिला. ज्ञानाचा दिवा, संस्कारांचं शिल्प वगैरे. वाचून पाहिला, तर तो कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला चालला असता. मग तो खोडला आणि फोटो मोठा करून नीट बघायला बसले.

कार्डावर पेन्सिलने लिहिलं होतं: "बाई तुमी माका ळ शिकवला. मी आता रडत नाही." आधी हे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. "तुमी" आणि "माका" सुधारण्याचा मोह झाला, पण ही चूक नाही. माझं माहेर पेडण्याचं. आमच्या घरात असंच बोलतात. मूल घरची बोली घेऊन शाळेत येतं आणि तिथे मराठी लिहायला शिकतं. बाईंना हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मग कागदाचे दोन भाग केले. एका बाजूला दिसतं ते, दुसऱ्या बाजूला मला वाटतं ते. दिसत होतं असं: कडेला तीनदा गिरवलेला "ळ", त्यातला एक उलटा; एक बाई, त्यांचा हात धरलेलं लहान मूल, डोक्यावर हिरवा गोल, त्याला खाली जाड दांडा आणि सगळीकडे ठिपके. वाटत होतं असं: छत्री, पाऊस, दुसरीतली मुलगी, बाई तिला भिजू न देता घरी सोडतात. दुसऱ्या बाजूचं सगळं फार गोड होतं आणि त्यातलं एकही लिहिण्यासारखं नव्हतं. बाईंनी कधी कोणाला छत्रीतून नेलंच नसेल तर? आपले आभार भलत्याच कुणाचे आहेत, असं त्यांना वाटलं असतं.

मराठीने इथे आणखी एक पेच घातला. "मी शाळेत येतो" किंवा "येते" असं असतं, तर एका मात्रेवरून मुलगा की मुलगी ते कळलं असतं. "रडत नाही" मधून ते कळत नाही. म्हणून मी "लेकरू" हा शब्द घेतला. सही "आई-बाबा" अशी करणार होते, पण मूल आजीजवळ राहत असेल तर? तिथे "घरची मंडळी" आली. बाईंचं नाव कार्डावर नव्हतं, याचं मात्र नवल वाटलं नाही. आपल्याकडे अजूनही काही गावांत चारही वर्ग एकच शिक्षिका सांभाळते. तिथल्या मुलाला "बाई" एवढंच नाव पुरतं.

शेवटी पाठवलं ते असं:

"बाई, नमस्कार. आमच्या लेकराने तुमच्यासाठी कार्ड केलं आहे. त्यातला 'ळ' तुम्ही शिकवलेला आहे. कडेला गिरवताना एकदा उलटा पडला, पण वाक्यात नीट आला आहे. 'मी आता रडत नाही' असंही लिहिलं आहे. ते का, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यासाठी मनापासून आभार. चित्रात तुम्ही लेकराचा हात धरला आहे आणि दोघांवर एकच सावली आहे. — घरची मंडळी"

"छत्री" लिहायचं टाळलं, कारण दांडा फार जाड होता आणि त्याला मूठ नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. कार्ड शेजारच्या मुलाचं होतं. तो खरोखरच आजीजवळ राहतो. हिरवा गोल म्हणजे शाळेच्या अंगणातलं बकुळीचं झाड आणि ठिपके म्हणजे खाली पडणारी ओवळां. जूनमध्ये तो वर्गात पाऊल टाकेना, तेव्हा बाई रोज त्याला घेऊन त्या झाडाखाली बसायच्या आणि तिथल्या मातीत बोटाने अक्षरं काढून दाखवायच्या.

"बाई वाचून काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही. 'सावली' या शब्दावर बोट ठेवून त्याला म्हणाल्या, हे वाच बघू."