कानातल्या मॉनिटरना सारखं अंतर चालत नाही

गाण्याच्या कार्यक्रमात गायकाच्या कानात जे छोटं यंत्र दिसतं, त्यातून त्याला स्वतःचा आवाज आणि साथ ऐकू येते. स्टेजच्या कडेचा ट्रान्समीटर हा आवाज रेडिओलहरींवर पाठवतो आणि कमरेचा बेल्टपॅक तो पकडतो. त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं काही आलं, की कानात फसफस सुरू होते, नाहीतर आवाज मध्येच तुटतो.

म्हणून आधी स्कॅन करतात. आपले सगळे ट्रान्समीटर बंद ठेवायचे आणि बेल्टपॅकवरून मोकळ्या जागा शोधायच्या. एलईडी वॉल, शेजारच्या हॉलमधले माइक वगैरे सुरू झाल्यावर स्कॅन पुन्हा करावा, कारण सकाळी मोकळी असलेली जागा संध्याकाळी भरलेली असू शकते.

स्कॅनमध्ये न दिसणारी एक अडचण मात्र आपणच तयार करतो. दोन ट्रान्समीटर शेजारी ठेवले, की एकाच्या लहरी दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरतात आणि तिथे नको असलेल्या नव्या लहरी जन्मतात. त्यातल्या सर्वांत त्रासदायक लहरी कुठे पडणार, हे साध्या हिशेबाने कळतं: एका फ्रिक्वेन्सीची दुप्पट, त्यातून दुसरी वजा.

समजा, गायिकेला ५२० मेगाहर्ट्झ दिलं आणि तबलजीला ५२१. दोन्ही बाजूंनी हिशेब केला तर ५१९ आणि ५२२ ही उत्तरं येतात. स्कॅनमध्ये ५२२ मोकळं दिसलं म्हणून ते कीबोर्डवाल्याला दिलं, तर खरखर नेमकी त्याच्याच कानात जाईल. त्याऐवजी ५२२.६ दिलं, तर तिघांच्या लहरींतून बनणारी अशी प्रत्येक नको असलेली लहर तिन्ही फ्रिक्वेन्सींपासून किमान ०.६ मेगाहर्ट्झ लांब राहते. म्हणूनच फ्रिक्वेन्सी सारख्या अंतराने मांडू नयेत.

माणसं वाढली की हा हिशेब हाताने झेपत नाही. एकाच कंपनीचे सेट असतील, तर कंपनीने आधीच जुळवून दिलेल्या एकाच ग्रुपमधली चॅनेल घ्यावीत. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट आणि वायरलेस माइक एकत्र असतील, तर सगळ्यांचा हिशेब सॉफ्टवेअरवर एकत्रच मांडावा. ट्रान्समीटर जास्त असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र अँटेना लावून त्यांची गर्दी करण्यापेक्षा कंबायनर वापरून एकाच अँटेनातून सगळे पाठवावेत.

शेवटी एक चाचणी घ्यावी. सगळे ट्रान्समीटर आणि माइक सुरू ठेवून फक्त एक ट्रान्समीटर बंद करायचा आणि त्याचा बेल्टपॅक हातात घेऊन स्टेजभर फिरायचं. त्यावरचे सिग्नलचे दिवे विझलेलेच राहिले पाहिजेत. ते लागले, तर तिथे परकी लहर येते आहे असं समजून फ्रिक्वेन्सी बदलावी. प्रत्येक बेल्टपॅकची अशी चाचणी करावी. एखादी राखीव फ्रिक्वेन्सीही पहिल्या हिशेबातच धरलेली असावी, म्हणजे ऐन गाण्यात बदल करावा लागला तरी दुसऱ्याचा कान बिघडत नाही.