कॅमेऱ्याची बॅटरी : केबल की चार्जर?

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या बॅगेत तीन-चार बॅटऱ्या असतात. रात्री उशिरा हळद आटोपते आणि सकाळी नऊचा मुहूर्त असतो. मधल्या काही तासांत सगळ्या बॅटऱ्या भरून व्हायला हव्यात. हल्ली अनेक कॅमेऱ्यांच्या खोक्यात वेगळा चार्जर नसतो, केबल जोडायची आणि बॅटरी आतच भरायची अशी सोय असते. तेवढ्यावर अशी रात्र निभत नाही.

२०१८ साली आलेला सोनीचा ए७ थ्री घ्या. त्याची बॅटरी ७.२ व्होल्टची, २२८० एमएएच, म्हणजे साधारण १६.४ वॉट-तासांची. सोबत मिळणाऱ्या अडॅप्टरने ती कॅमेऱ्यातच भरायला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात. सोनीच्याच वेगळ्या चार्जरवर हे काम अडीच तासांत होतं. शिवाय केबलवर एका वेळी एकच बॅटरी भरते, ती भरली की मध्यरात्री उठून दुसरी घालायची. भरत असताना कॅमेरा बंदच ठेवावा लागतो. चालू केला, तर बॅटरी भरत नाही.

आत भरल्याने बॅटरी लवकर खराब होते, अशी भीती अनेकांना वाटते. ती मला पटत नाही. दोन्हीकडे बॅटरीला मिळणाऱ्या विजेवर सर्किटचं नियंत्रण असतं. खरा धोका पोर्टला आहे. लोंबत्या केबलला कुणाचा पाय अडकला, की पोर्ट सैल होतं आणि दुरुस्तीसाठी अख्खा कॅमेरा द्यावा लागतो. चार्जर बिघडला तर फक्त चार्जर बदलावा लागतो.

मात्र केबलची खरी किंमत प्रवासात कळते. ट्रेकला किंवा एसटीत प्लग कुठून मिळणार? १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास असतात. त्यातला काही भाग व्होल्टेज बदलताना वाया जातो, म्हणून हिशेब दीड बॅटरीचाच धरावा.

बाजारात दोन खाचांचे यूएसबी चार्जरही मिळतात. ते घेताना वर छापलेली इनपुटची आकडेवारी वाचा. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॉट, आणि ते दोन्ही बॅटऱ्यांत वाटले जातात. दोघींचे मिळून ३३ वॉट-तास भरायला साडेतीन-चार तास लागणारच. तरीही झोपण्याआधी दोन बॅटऱ्या लावून ठेवता येतात, हा फायदा मोठा आहे.

केबल लावल्यावर कॅमेऱ्याच्या दिव्याकडे एकदा नक्की पाहा. ए७ थ्रीवर नारिंगी दिवा स्थिर असला की बॅटरी भरते आहे, विझला की भरली. लुकलुकत असेल तर काहीतरी बिघाड आहे किंवा तापमान योग्य नाही. भरण्यासाठी १० ते ३० अंश सेल्सिअस चांगलं, त्यामुळे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत केबल लावून ठेवली, तर चार्जिंग मधेच थांबू शकतं.